हिस्टरी पुसण्याआधी

जळगावच्या गोलाणी मार्केटमधलं संगणकाचं दुकान असो, धुळ्याच्या आग्रा रोडवरचं झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मचं दुकान असो, की साक्री, पारोळा, अमळनेरचं एखादं आपले सरकार सेवा केंद्र असो, साइट अडली की पहिला सल्ला सगळीकडे एकच मिळतो: "हिस्टरी क्लिअर मारा." Ctrl+Shift+Delete दाबायचं, दिसतील तेवढ्या चौकोनांत टिक करायची आणि सगळं पुसून पुन्हा सुरुवात करायची. कधीकधी साइट खरोखरच चालू लागते, म्हणून हा सल्ला टिकून आहे. पण ती का चालली, हे पुसणाऱ्याला कळत नाही आणि पुढच्या खेपेला ते शोधायचा मार्गही उरत नाही, कारण पुरावाही पुसला गेलेला असतो. शिवाय केंद्रचालकाची पाच-सहा पोर्टलांवरची लॉगिनं जातात, प्रत्येकाचा ओटीपी नव्याने मागवावा लागतो, आणि समोर रांगेत उभी असलेली माणसं घड्याळाकडे बघू लागतात.

या पुस्तिकेचं म्हणणं एवढंच आहे की पुसण्याआधी एक मिनिट थांबा आणि तोच पत्ता प्रायव्हेट विंडोत उघडून बघा. क्रोम आणि एजमध्ये Ctrl+Shift+N, फायरफॉक्समध्ये Ctrl+Shift+P. क्रोम तिला इन्कॉग्निटो म्हणतं, एज इनप्रायव्हेट म्हणतं. आपल्याकडे बहुतेक जण सरसकट इन्कॉग्निटोच म्हणतात. ही चाचणी काहीही पुसत नाही आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते सांगून जाते. मात्र ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याची नीट समज हवी. ती नसेल तर या चाचणीचीही हिस्टरी क्लिअरसारखीच गत होते, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली आहे.

साइट सर्व्हरवर ठीक असूनही तुमच्याच संगणकावर बिघडते, तेव्हा बहुधा तीन जागांपैकी एकीत गोम असते. पहिली जागा कुकीची. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद. पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर ती परत पाठवतो आणि सर्व्हर त्यावरून ओळखतो की हा मघाशी लॉगिन केलेलाच माणूस आहे. नेटस्केपच्या लू माँटुली यांनी 1994मध्ये ही सोय केली आणि आजही लॉगिनचा बहुतेक कारभार तिच्यावरच चालतो. दुसरी जागा कॅशेची. पानावरची चित्रं, रचनेच्या आणि स्क्रिप्टच्या फायली दर वेळी नव्याने उतरवाव्या लागू नयेत म्हणून ब्राउझर त्यांच्या प्रती डिस्कवर ठेवतो. साइटवाल्यांनी फाइल बदलली आणि तुमच्याकडे जुनीच प्रत राहिली, तर नवं पान आणि जुनी स्क्रिप्ट यांचं जमत नाही. तिसरी जागा एक्स्टेन्शनची: जाहिराती अडवणारं, मराठी टायपिंगचं, स्क्रीनशॉट काढणारं, पीडीएफ जोडणारं. ही पानात शिरून त्यात फेरफार करतात किंवा पानाच्या काही विनंत्या अडवतात. केंद्रातल्या संगणकावर ती कुणी, कधी घातली हे बऱ्याचदा मालकालाही आठवत नाही.

प्रायव्हेट विंडो मुळात या कामासाठी आलेली नाही. ॲपलच्या सफारीत ती 2005मध्ये आली, क्रोममध्ये 2008च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहे, आणि हेतू एवढाच होता की दुसऱ्याच्या संगणकावर बसलात तर मागे खूण राहू नये. ती तुम्हाला साइटपासून किंवा इंटरनेट पुरवणाऱ्यापासून लपवत नाही. हा गैरसमज इतका पसरलेला होता की अमेरिकेत 2020मध्ये गूगलवर त्यावरून खटला झाला आणि पुढे तडजोड करावी लागली. आपल्या कामाला मात्र तिचं दुसरं अंग उपयोगी पडतं. ही विंडो उघडते तेव्हा तिच्याकडे जुनी एकही कुकी नसते, कॅशे रिकामा असतो, आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एकही एक्स्टेन्शन चालू नसतं. क्रोममध्ये हे आधीपासूनच तसं आहे. फायरफॉक्सने मे 2019च्या 67व्या आवृत्तीपासून तसं केलं. संगणक तोच, ब्राउझर तोच, लाइन तीच, सर्व्हर तोच. बदलतात त्या फक्त वरच्या तीन जागा.

पण तिन्ही एकदम बदलतात, आणि नेमकी इथेच गफलत होते. विहिरीवरची मोटर चालू होत नाही म्हणून शेजाऱ्याचा स्टार्टर आणला, त्याचीच केबल आणली, दोन्ही लावली आणि मोटर फिरली, तर मोटर धड आहे एवढं कळलं; आपला स्टार्टर गेला की आपली केबल, ते अजून कळायचं आहे. प्रायव्हेट विंडोचं तसंच आहे. तिथे साइट चालली म्हणजे "कुकीचा प्रॉब्लेम होता" असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. तो निकाल अर्धा आहे. साइट चालली याचा अर्थ सर्व्हर, लाइन आणि ब्राउझर सुटले, आणि संशय कुकी, कॅशे आणि एक्स्टेन्शन या तिघांपुरता उरला. तिथेही तशीच अडली, तर त्या तिघांवरचा संशय जवळपास मिटला. या दुसऱ्या उत्तराची किंमत लोकांना कळत नाही. प्रायव्हेटमध्येही तोच दोष दिसत असेल, तर हिस्टरी पुसण्यात काडीचाही अर्थ नाही. लाइन बघा, संगणकाची तारीख-वेळ बघा, मोबाइलच्या नेटवर तोच पत्ता उघडून बघा, आणि तरी अडलं तर पोर्टलच्या मदत कक्षाला कळवा.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. धुळ्यात साक्री रोडवरच्या एका केंद्रात नोकरभरतीचा अर्ज भरायला एक तरुण आला होता. पोर्टलवर लॉगिन होत होतं, नाव-पत्ता भरला जात होता, पण पदं निवडायच्या पानावर यादीची जागा कोरीच राहत होती. कुठली चूक दाखवणारा संदेश नाही, काही नाही. केंद्रचालकाने रिवाजाप्रमाणे हिस्टरी पुसली, पुन्हा लॉगिन केलं, पुन्हा ओटीपी मागवला, यादी कोरीच. "सर्व्हर डाउन आहे, संध्याकाळी या," असं सांगून त्या पोराला बाहेर बसवलं. मी प्रायव्हेट विंडो उघडून तोच पत्ता टाकला, त्याच खात्याने लॉगिन केलं, आणि यादी झटकन समोर आली. खुर्चीमागून प्रश्न आला, "आते कसं चालनं भो?"

इथे थांबून तिथेच अर्ज भरून टाकला असता तर त्या तरुणाचं काम झालं असतं, पण त्याच्या मागच्या वीस जणांचं नसतं. म्हणून पुन्हा साध्या विंडोत गेलो आणि यादी अजूनही कोरी आहे ना, हे आधी पाहिलं. ही पायरी कुणी करत नाही, पण ती सोडू नये. शेवटच्या तारखेला सर्व्हरवर ताण असतो. पान एका क्षणी अडतं आणि दुसऱ्या क्षणी चालतं. प्रायव्हेटमध्ये चाललं ते तेवढ्यात ताण कमी झाल्यामुळेही असू शकतं. साध्यात अडतं, प्रायव्हेटमध्ये चालतं, परत साध्यात अडतं, परत प्रायव्हेटमध्ये चालतं, असं दोनदा दिसलं की मगच तो फरक खरा धरायचा.

फरक खरा होता. आता तिघांतून एक काढायचा. हिस्टरी क्लिअर करताना कुकी आणि कॅशे दोन्ही आधीच पुसून झाले होते आणि तरीही दोष तसाच होता. म्हणजे बोट एक्स्टेन्शनकडे जात होतं, कारण Ctrl+Shift+Delete एक्स्टेन्शनला हातही लावत नाही. केंद्रचालकाने नकळत अर्धी चाचणी केलेली होती, फक्त तिचं उत्तर वाचलं नव्हतं. F12 दाबून Console उघडला, पान पुन्हा आणलं, तर तिथे लाल अक्षरांत हे होतं:

```
net::ERR_BLOCKED_BY_CLIENT
```

या ओळीचा अर्थ असा की विनंती सर्व्हरपर्यंत गेलीच नाही. ती ब्राउझरच्या आतच कुणीतरी अडवली, आणि असं अडवणारं बहुधा एक्स्टेन्शनच असतं. अडवलेल्या फाइलचा पत्ता शेजारीच होता आणि त्यात advertisement हा शब्द होता. भरतीच्या भाषेत प्रत्येक पदाला जाहिरात क्रमांक असतो, म्हणून पोर्टल बनवणाऱ्याने पदांची यादी त्या नावाच्या फोल्डरात ठेवली होती. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पत्त्यातले असे शब्द बघूनच विनंती अडवतं. त्याला भरतीची जाहिरात आणि साबणाची जाहिरात यांतला फरक कळायचं कारण नाही. त्या एका साइटपुरतं एक्स्टेन्शन बंद केलं आणि यादी साध्या विंडोतही आली. एक्स्टेन्शन काढून टाकायची गरज पडली नाही, ती पडू नयेच. रोजच्या वापरात ते फसव्या जाहिरातींपासून केंद्राला वाचवतं.

या प्रसंगात पुसणं आधीच झालेलं असल्यामुळे क्रम उलटा पडला. एरवी क्रम ठरवताना नियम एक: ज्यात काहीही गमावत नाही ते आधी, ज्यात गमावतो ते शेवटी.

सर्वांत आधी साध्या विंडोत Ctrl+Shift+R किंवा Ctrl+F5. याने ब्राउझर कॅशेतल्या प्रती बाजूला ठेवून पानाच्या फायली सर्व्हरवरून नव्याने आणतो. लॉगिन जात नाही, कुकी जात नाही. पोर्टलची नवी आवृत्ती आली आणि जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी भरेनाशी झाली, बटण दाबल्यावर काहीच होईना, पानाची मांडणी विस्कटली, असे दोष बहुधा इथेच सुटतात. सुटले तर दोष कॅशेचा. न सुटल्यास मात्र कॅशे पूर्ण निर्दोष ठरत नाही, आणि याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे पान उघडून झाल्यावर स्क्रिप्ट जे तुकडे नंतर मागवते, ते जुन्या प्रतीतून येऊ शकतात. दुसरं म्हणजे साइटचा पत्ता कायमचा बदलल्याची सूचना ब्राउझर लक्षात ठेवतो. तुम्ही पत्ता टाकता आणि तो परस्पर दुसऱ्याच पत्त्यावर नेतो, तिथे कितीही Ctrl+F5 केलं तरी तो दुसराच पत्ता ताजा होत राहतो. पत्ता टाकल्याबरोबर जुन्या, बंद पडलेल्या पानावर उडी जात असेल आणि प्रायव्हेटमध्ये जात नसेल, तर हेच समजावं. F12च्या Network भागात Disable cache ही टिक आहे. ती लावून, तो भाग उघडा ठेवूनच पान पुन्हा आणलं की या दोन्ही शंकांचा बहुतांशी निकाल लागतो.

मग एक्स्टेन्शन. इथे दोन वाटा आहेत आणि मला दुसरी जास्त पसंत आहे. पहिली वाट: chrome://extensions उघडून अर्धी बंद करायची, बघायचं, मग उरलेल्यांतली अर्धी, असं करत एकावर यायचं. दुसरी वाट प्रायव्हेट विंडोचाच उपयोग करते. त्याच पानावर एखाद्या एक्स्टेन्शनच्या Details मध्ये Allow in Incognito हा खटका असतो. तो एका वेळी एकाच एक्स्टेन्शनला लावायचा आणि प्रायव्हेट विंडो बंद करून नव्याने उघडून तपासायचं. कुकी कोऱ्या, कॅशे कोरा, वाढलं फक्त ते एक एक्स्टेन्शन. साइट अडली की गुन्हेगार सापडला, त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही. काम झाल्यावर खटका बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढची प्रत्येक चाचणी खोटं उत्तर देईल. फायरफॉक्सवाल्यांना आणखी सोपं आहे: Help मधला Troubleshoot Mode. त्यात एक्स्टेन्शन बंद होतात पण कुकी तशाच राहतात, म्हणजे तिघांतला एकच वेगळा काढता येतो. तो मोड ग्राफिक्सच्याही काही सोयी बंद करतो, एवढं ध्यानात ठेवावं.

कुकी शेवटी, कारण तिच्याबरोबर लॉगिन जातं. आणि तीही सगळ्या ब्राउझरची पुसायची नाही. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करा, तिथे कुकी आणि साइटचा डेटा अशी ओळ सापडेल, आणि त्याच एका साइटचं पुसा. कुकीचा दोष ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. लॉगिन केलं की परत लॉगिनच्याच पानावर येतो. ब्राउझर ERR_TOO_MANY_REDIRECTS म्हणतो. किंवा पांढऱ्या पानावर हा मजकूर येतो:

```
400 Bad Request
Request Header Or Cookie Too Large
```

या शेवटच्या संदेशाचं कारण समजून घेण्याजोगं आहे. ब्राउझर साधारणपणे 4096 बाइटपर्यंतची एक कुकी ठेवतो, पण एका साइटच्या अशा कितीतरी कुकी साठू शकतात, आणि त्या सगळ्या प्रत्येक विनंतीबरोबर जातात. बऱ्याच सर्व्हरवर या मजकुराला आठेक किलोबाइटची मर्यादा असते. कुकींची बेरीज तिच्यापलीकडे गेली की सर्व्हर पान न बघताच विनंती परत पाठवतो. केंद्राच्या संगणकावर एकाच साइटवर दिवसभरात अनेक खाती उघडतात, तिथे असं व्हायला जागा जास्त.

अनेक खात्यांचा विषय निघालाच आहे तर त्यातला मोठा धोका सांगतो. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990पासून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांचं विद्यापीठ आहे. परीक्षेचे, प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत या जिल्ह्यांतल्या केंद्रांवर विद्यार्थ्यांची झुंबड असते. घाईत केंद्रचालक एका टॅबमध्ये एका मुलीचं खातं उघडतो आणि ओटीपी येईपर्यंत दुसऱ्या टॅबमध्ये दुसरीचं. पण कुकी टॅबची नसते, ब्राउझरची असते. दुसरीचं लॉगिन झालं की पहिलीची नोंद पुसली जाते. पहिल्या टॅबवर नाव अजून पहिलीचंच दिसतं, आणि तिथे सबमिट दाबलं की एकतर पान बाहेर फेकतं किंवा, पोर्टल ढिसाळ असेल तर, पहिलीची माहिती दुसरीच्या खात्यात जाते. यावर उपाय म्हणून दुसरीला प्रायव्हेट विंडोत घेतलं तर ठीक. तिसरीला आणखी एका प्रायव्हेट विंडोत घेतलं तर मात्र पुन्हा तोच घोळ, कारण क्रोमच्या सगळ्या प्रायव्हेट विंडो मिळून कुकींचा एकच साठा वापरतात, आणि तो शेवटची विंडो बंद होईपर्यंत जिवंत राहतो.

यातूनच चाचणीची एक अट निघते: सकाळपासून उघडी असलेली प्रायव्हेट विंडो कोरी नसते. चाचणीआधी अशा सगळ्या विंडो बंद करून एक नवी उघडा. आणि दोन्हीकडे सारखंच काम करा. साध्या विंडोत लॉगिन करून अर्जाच्या चौथ्या पानावर अडलात आणि प्रायव्हेटमध्ये फक्त मुखपृष्ठ उघडून "चालतंय की" म्हणालात, तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी तपासल्या. त्याच खात्याने, त्याच पानापर्यंत जा. लॉगिननंतर दोन्हीकडे अडत असेल, तर खोट बहुधा त्या खात्यातल्या माहितीत आहे, आणि ती सर्व्हरवर असते.

उलट उत्तरही कधी येतं: साध्या विंडोत चालतं, प्रायव्हेटमध्ये अडतं. याने गोंधळून जाऊ नका. क्रोम प्रायव्हेटमध्ये त्रयस्थ साइटच्या कुकी आपणहून अडवतो. अर्जाच्या पानाच्या आत दुसऱ्या साइटची पैसे भरण्याची चौकट असेल तर ती तिथे अडू शकते. नव्या प्रायव्हेट टॅबवरच त्याचा खटका आहे, तो बंद करून पुन्हा बघा. डिजिटल सहीसाठी काही पोर्टलना त्यांचं स्वतःचं एक्स्टेन्शन लागतं. ते प्रायव्हेटमध्ये बंद असल्याने टोकन लावूनही सही होत नाही. हे दोन्ही दोष नव्हेत, चाचणीच्या मर्यादा आहेत.

मोबाइलवर अर्ज भरणाऱ्यांसाठी चाचणी आणखी सोपी होते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन नसतातच, त्यामुळे तिथे इन्कॉग्निटोमध्ये पान चाललं तर संशय कुकी आणि कॅशे या दोघांवरच उरतो. आणि एक गोष्ट कुठल्याही संगणकावर: प्रायव्हेट विंडोतून उतरवलेली फाइल डाउनलोड फोल्डरात तशीच राहते. कुणाचं आधार, कुणाचा सातबारा, कुणाची गुणपत्रिका. विंडो बंद केल्यावर तो फोल्डरही बघत जा.

पुढच्या पानांत प्रत्येक पायरी चित्रांसह दिली आहे. ती वाचून झाल्यावर केंद्रचालकांना एक विनंती आहे. पोर्टलच्या मदत कक्षाला तक्रार पाठवताना "साइट चालत नाही" एवढंच लिहू नका. साध्या विंडोत काय झालं, नव्या प्रायव्हेट विंडोत त्याच खात्याने काय झालं, Ctrl+F5नंतर काय झालं, आणि Consoleमधली लाल ओळ, एवढं लिहा आणि स्क्रीनचा फोटो जोडा. फोटोतला अर्जदाराचा आधार क्रमांक मात्र आधी झाकून घ्या.